एका पेपरवरून प्रोटोकॉल बदलायचा का? पंधरा मिनिटांत काय तपासावं

प्रश्न: मी आयसीयू सांभाळतो. दर आठवड्याला कोणीतरी नवा पेपर आणतं आणि "सर, हे आपण सुरू करूया" म्हणतं. सगळा पेपर बारकाईने वाचायला वेळ नसतो, संख्याशास्त्रही जेमतेमच येतं. एका पेपरवरून आमचा प्रोटोकॉल बदलायचा की नाही, हे पंधरा-वीस मिनिटांत कशावरून ठरवू?

ॲब्स्ट्रॅक्टमधला निष्कर्ष वाचण्याआधी कोऱ्या कागदावर एक ओळ लिहा: उद्या सकाळच्या राउंडला कोणत्या पेशंटसाठी मी नेमकं काय वेगळं करणार? "सेप्सिसमध्ये अमुक महत्त्वाचं आहे" असलं वाक्य चालणार नाही. "व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक मोठ्या माणसाची शुगर ११०च्या वर गेली की इन्सुलिनचा पंप लावायचा", इतकी ठोस ओळ हवी. ती लिहिता येत नसेल तर पेपर वाचनीय असेल, पण तुमच्या प्रोटोकॉलचा त्याच्याशी संबंध नाही. माझ्या टेबलावर येणारे निम्म्याहून जास्त पेपर इथेच, दोन मिनिटांत, बाजूला पडतात.

ओळ जमली तर पेपर सुरुवातीपासून वाचत बसू नका. चारच जागा बघायच्या: पेशंट कोण होते ते सांगणारा पहिला टेबल, कंट्रोल ग्रुपला काय दिलं तो परिच्छेद, मुख्य निकालाचे कच्चे आकडे आणि अपायांचा टेबल. रँडमायझेशन, ब्लाइंडिंग, पेशंट मध्येच गळाले का, हेही बघायचं, पण त्याला मिनिटभर पुरतं. मोठ्या जर्नलमध्ये छापून आलेली ट्रायल या बाबतीत सहसा धडधडीत चुकलेली नसते. माझी फसगत झाली ती नेहमी कंट्रोल ग्रुपच्या परिच्छेदात, कारण तो वाचायचा मला कंटाळा यायचा.

२००१ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेनहून एक ट्रायल आली. सर्जिकल आयसीयूतले व्हेंटिलेटरवरचे १५४८ पेशंट, दोन गट. एका गटात इन्सुलिनने शुगर ८० ते ११०मध्ये ठेवायची, दुसऱ्यात २१५च्या वर गेली तरच इन्सुलिन सुरू करून १८० ते २००मध्ये ठेवायची. आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. औषध जुनं, स्वस्त, प्रत्येक वॉर्डात असलेलं. जगभरच्या आयसीयूंनी ते उचललं आणि आम्हीही उचललं. मी तेव्हा नवा कन्सल्टंट होतो. जर्नल क्लबमध्ये हा पेपर मीच मांडला आणि प्रोटोकॉलचा मसुदाही मीच लिहिला. आज तोच पेपर त्याच पंधरा मिनिटांत वाचायचा तर काय दिसलं असतं, ते सांगतो.

पहिला टेबल. जवळपास दोनतृतीयांश पेशंट हार्टच्या ऑपरेशननंतरचे. आजार किती गंभीर हे सांगणाऱ्या अपाची स्कोअरचा मध्यक ९, म्हणजे बरेच जण ठरल्याप्रमाणे ऑपरेशन होऊन एक-दोन दिवसांत बाहेर पडणारे. आमच्याकडे न्यूमोनिया, सेप्सिस, विषबाधा आणि फेल झालेल्या किडन्या. एवढ्यावरून पेपर फेकून द्यायचा नसतो, कारण इन्सुलिनचं शरीरातलं काम ऑपरेशन झालेल्या माणसात वेगळं चालतं असं काही नाही. पण कागदाच्या कडेला "आमचे पेशंट यात फारसे नाहीत" असं लिहायला हवं होतं. मी ते लिहिलं नव्हतं.

आता कंट्रोल ग्रुप. त्या परिच्छेदात एक साधी गोष्ट आहे जी आमच्यापैकी कोणीच जर्नल क्लबमध्ये उच्चारली नाही. दोन्ही गटांतल्या सगळ्या पेशंटना दाखल झाल्यापासूनच शिरेतून ग्लुकोज चालू होतं, चोवीस तासांत २०० ते ३०० ग्रॅम. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या हिशेबाने हे चार ते सहा लिटर झाले. दुसऱ्या दिवसापासून शिरेतून किंवा नळीतून किंवा दोन्हीकडून पूर्ण आहार. आम्ही तेव्हा पहिल्या दिवशी एवढं ग्लुकोज कोणालाच देत नव्हतो, आणि नळीतून फीड सुरू करायलाही दोन-दोन दिवस लावायचो. म्हणजे त्या ट्रायलने विचारलेला प्रश्न असा होता: भरपूर ग्लुकोज चालू असताना शुगर पूर्ण खाली आणावी, की बऱ्यापैकी चढू द्यावी? आमचा प्रश्न वेगळा होता: जेमतेम ग्लुकोज चालू असताना, १५०-१६०वर असलेली शुगर आणखी खाली ओढावी का? दोन्हीकडे शब्द "टाइट कंट्रोल" हाच, त्यामुळे प्रश्नही एकच असल्याचा भास झाला.

इथे आणखी एक सवय लावून घ्या. कंट्रोल ग्रुपसाठी काय ठरवलं होतं त्यावर थांबू नका, प्रत्यक्षात काय झालं तो आकडा शोधा. ल्यूव्हेनमध्ये कंट्रोलचं लक्ष्य १८० ते २००, पण त्यांची सकाळची सरासरी शुगर १५३ होती, कारण बऱ्याच जणांना इन्सुलिन लागलंच नाही. तेव्हा "कंट्रोलला वाऱ्यावर सोडलं होतं" ही टीका जरा अन्यायाची आहे, आणि ती मीसुद्धा काही वर्षं छातीठोकपणे करायचो. ग्लुकोजच्या माऱ्याचा मुद्दा मात्र त्यानंतरही उरतोच.

मग कच्चे आकडे. टक्के बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. इन्सुलिनच्या गटात ७६५ पैकी ३५ मृत्यू, दुसऱ्यात ७८३ पैकी ६३. फरक २८ माणसांचा. "मृत्यू बेचाळीस टक्क्यांनी कमी" म्हटलं की अंगावर काटा येतो. तीच गोष्ट "२९ पेशंटना ही ट्रीटमेंट दिली तर एक जीव वाचतो" अशी सांगितली की विचार करता येतो.

हा २८ किती पक्का आहे हे बघायला एक ठोकताळा आहे. दोन्ही गट साधारण सारखे असतील तर दोन्हीकडच्या घटनांची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. इथे ३५ आणि ६३ मिळून ९८, वर्गमूळ सुमारे १०, दुप्पट २०. म्हणजे खरा फरक २८ उणे २० ते २८ अधिक २०, म्हणजे ८ ते ४८ माणसांच्या दरम्यान कुठेतरी असावा. साधारण पावणेआठशेच्या गटात हे झाले शंभरात एक ते शंभरात सहा. आता स्वतःला विचारा: खरा फायदा या पट्ट्याच्या खालच्या टोकाला असेल, शंभरात एकच जीव वाचत असेल, तरी हा सगळा खटाटोप मी करेन का? उत्तर "हो" असेल तर पेपर मजबूत आहे. माझं उत्तर तेव्हा "बहुतेक नाही" असं आलं असतं, मी विचारलं असतं तर. घटना फार वारंवार घडणाऱ्या असतील, पाचात एक किंवा त्याहून जास्त, तर हा ठोकताळा गरजेपेक्षा रुंद पट्टा देतो. तेव्हा पेपरमधलाच कॉन्फिडन्स इंटरव्हल वापरा.

ही ट्रायल फायदा दिसला म्हणून मध्येच थांबवली होती, हेही पेपरमध्येच लिहिलेलं आहे. फायदा दिसल्यावर थांबवलेल्या ट्रायल तो फायदा फुगवून दाखवतात, कारण आकडे वरखाली होत असताना नेमक्या वरच्या झोक्याला आपण खेळ थांबवतो. २०१०मध्ये अशा अनेक ट्रायल एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हा हा फुगवटा मुख्यतः ५००पेक्षा कमी घटना असलेल्या ट्रायलमध्ये दिसला. ल्यूव्हेनमध्ये घटना होत्या ९८. २००१ साली हा हिशेब आमच्या हातात नव्हता, तुमच्या आहे. "मध्येच थांबवली" आणि "एकच हॉस्पिटल" हे दोन्ही एकत्र दिसले की मी छापलेला फायदा मनातल्या मनात निम्मा धरतो. या निम्म्याला शास्त्रीय आधार काही नाही, माझी सवय आहे.

मोजलेला मृत्यूही बघा कुठला होता. आयसीयूतला. पेशंट वॉर्डात गेल्यावर दगावला तर तो या आकड्यात येत नाही. पेपरमध्ये हॉस्पिटलमधल्या मृत्यूंचाही आकडा दिलेला होता, १०.९वरून ७.२ टक्के, त्यामुळे इथे फारसं बिघडलं नाही. पण ज्या पेपरमध्ये फक्त आयसीयूतला आकडा असेल तिथे लेखकांनी दूरचा आकडा का दिला नाही, असा प्रश्न पडू द्या.

अपायांच्या टेबलसाठी एकच नियम: फायद्याला जी पट्टी लावली तीच अपायालाही लावायची. शुगर ४० किंवा खाली गेलेले पेशंट इन्सुलिनच्या गटात ३९, दुसऱ्यात ६. म्हणजे साधारण २३ पेशंटमागे एकाची शुगर जादा कोसळली. एकोणतीसमागे एक जीव वाचतो आणि तेविसामागे एकाची शुगर कोसळते. हे दोन आकडे मी शेजारी-शेजारी लिहिलेच नव्हते. पेपरमध्ये या घटनांनी कोणाचं काही बिघडलं नाही असं नोंदलेलं होतं आणि आम्ही त्यावर निर्धास्त झालो. तिथे ते खरंच असेल. पण "आमच्याकडेही काही बिघडणार नाही" हा दावा त्या पेपरने कधीच केला नव्हता.

का, ते पुढच्या प्रश्नात कळतं: हे काम तिथे कोणी आणि कशाने केलं? ल्यूव्हेनमध्ये दर एक ते चार तासांनी आर्टेरिअल लाइनमधून रक्त घेऊन ॲनालायझरवर शुगर मोजली जायची. इन्सुलिनचा डोस आयसीयूच्या नर्सेस बदलायच्या आणि त्यांच्या मदतीला ट्रायलचा एक डॉक्टर होता, ज्याच्यावर त्या पेशंटच्या बाकी उपचारांची जबाबदारी नव्हती. आमच्याकडे बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटर, आणि रात्री एका सिस्टरकडे तीन पेशंट. हातपाय गार पडलेल्या, सुजलेल्या, रक्त कमी असलेल्या पेशंटमध्ये बोटाचं ग्लुकोमीटर बऱ्याचदा खऱ्यापेक्षा जास्त शुगर दाखवतं. लक्ष्य १५०चं असेल तर वीस-पंचवीसच्या चुकीने आभाळ कोसळत नाही. लक्ष्य ८० ते ११० असेल तर तीच चूक माणसाला हायपोमध्ये ढकलते.

आमच्याकडे घडलेलंच सांगतो. सेप्सिसचा पेशंट, व्हेंटिलेटरवर, झोपेच्या औषधांवर. रात्री सीटी स्कॅनला न्यायचं म्हणून नळीतलं फीड बंद केलं. इन्सुलिनचा पंप चालूच राहिला, कारण आमच्या छापील प्रोटोकॉलमध्ये फीड थांबवताना इन्सुलिनचं काय करायचं याची ओळच नव्हती. स्कॅनच्या रांगेत दीड तास गेला. परत आल्यावर शुगर ३४. झोपेच्या औषधांवरच्या माणसाला ना घाम फुटलेला लक्षात येतो, ना तो गोंधळल्यासारखा बोलतो. सिस्टरने ठरलेल्या वेळेआधी सहज तपासलं म्हणून कळलं. चूक तिची नव्हती आणि रेसिडेंटचीही नव्हती. ट्रायलमध्ये ज्याला त्या पेशंटचं दुसरं काही बघायचं नव्हतं असा माणूस असे फट पडलेले कोपरे सांभाळत होता. आम्ही ट्रायलचा डोस घेतला, तिचा माणूस घेतला नाही.

तेव्हा तुमच्या कागदावर ही ओळ हवी: ट्रायलमध्ये जादा माणसं, जादा यंत्रं, जादा तपासण्या कोणत्या होत्या, आणि त्यातलं माझ्याकडे रात्री तीन वाजता काय असतं? दिवसा अकरा वाजता काय असतं ते विचारू नका. प्रोटोकॉल रात्रीच मोडतात.

आणखी एक सापळा सांगायला हवा, कारण तुमचे रेसिडेंट हमखास त्यात शिरतील. पेपर म्हणत होता की फायदा मुख्यतः पाच दिवसांहून जास्त राहिलेल्यांमध्ये झाला, त्यांच्यातले मृत्यू २०.२वरून १०.६ टक्के. लगेच कोणीतरी सुचवतं, "मग जास्त राहणाऱ्यांनाच देऊ." पण दाखल होताना कोण पाच दिवस राहणार हे कोणाला माहीत असतं? शिवाय किती दिवस राहिला हे ट्रीटमेंट सुरू झाल्यानंतर ठरतं आणि ट्रीटमेंटमुळेच बदलूही शकतं, त्यामुळे त्या उपगटात रँडमायझेशनचं संरक्षण उरत नाही. उपगट विचारात घ्यायचाच तर तो पहिल्या दिवशी पेशंटच्या अंगावर दिसणाऱ्या गोष्टीवरून ठरलेला हवा, आणि ट्रायल सुरू होण्याआधी लिहून ठेवलेला हवा.

याची चांगली बाजू २०२०मध्ये दिसली. कोविडच्या रिकव्हरी ट्रायलमधल्या डेक्सामेथासोनच्या पेपरने एकट्याने जगाची प्रॅक्टिस बदलली, आणि मी दुसऱ्याच दिवशी बदललो. हाच कागद लावून बघा. ६४२५ पेशंट, पावणेदोनशेच्या आसपास हॉस्पिटलं, कंट्रोलला नेहमीची ट्रीटमेंट, जी आमच्याही पेशंटना चालू होती. मोजलं काय, तर २८ दिवसांतले मृत्यू. व्हेंटिलेटरवरच्यांमध्ये ४१.४वरून २९.३ टक्के, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांमध्ये २६.२वरून २३.३. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, गोळी किंवा इंजेक्शन. त्यासाठी जादा माणूस लागत नव्हता. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांच्यात मृत्यू कमी झाले नाहीत, उलट १४वरून १७.८ टक्के दिसले. हा वाढलेला आकडा योगायोगाचाही असू शकला असता, पण त्यांना द्यायला आधार नव्हता हे नक्की. इथे उपगट ऑक्सिजन लागतो की नाही यावर होता, म्हणजे पहिल्या मिनिटाला दिसणाऱ्या गोष्टीवर. गंमत अशी की पुढे बऱ्याच ठिकाणी घरी असलेल्या, ऑक्सिजन चांगला असलेल्या माणसांनाही स्टेरॉइड सर्रास दिलं गेलं. म्हणजे बरोबर पेपर वाचूनही पहिली ओळ, "कोणत्या पेशंटसाठी", गाळली गेली.

आता निर्णय. समोरच्या एका पेशंटसाठी वागणं बदलणं आणि विभागाचा प्रोटोकॉल बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींना वेगळा पुरावा लागतो. समोरचा पेशंट ट्रायलमधल्यासारखा असेल आणि मी स्वतः बाजूला उभा असेन, तर एका चांगल्या पेपरवर मी करून बघेन, काही चुकलं तर तिथल्या तिथे थांबवेन. प्रोटोकॉल मी नसताना, मला न ओळखणाऱ्या माणसाच्या हातून, मी न पाहिलेल्या पेशंटवर चालतो. तिथे एकाच हॉस्पिटलची, मध्येच थांबवलेली, जादा माणसं लागणारी ट्रायल मला पुरत नाही. दुसऱ्या, वेगळ्या लोकांनी केलेल्या ट्रायलची मी वाट बघतो. वाट बघण्याची किंमतही कागदावर मांडतो. डेक्सामेथासोनच्या वेळी ती प्रचंड होती. शुगरच्या वेळी ती कमी होती, कारण १८०च्या खाली ठेवणं हा मधला, सोपा मार्ग हातात होताच.

वाट बघितली असती तर काय मिळालं असतं? २००६मध्ये त्याच ल्यूव्हेनच्या गटाने मेडिकल आयसीयूतले १२०० पेशंट घेऊन पुन्हा तपासलं. हॉस्पिटलमधल्या मृत्यूंतला फरक, ४० आणि ३७.३ टक्के, योगायोगाच्या पलीकडे गेला नाही आणि शुगर कोसळण्याचं प्रमाण खूपच वाढलं. २००९मध्ये नाइस-शुगर आली: ६१०४ पेशंट, ४२ हॉस्पिटलं, एका गटात ८१ ते १०८, दुसऱ्यात १८० किंवा त्याखाली. ९० दिवसांतले मृत्यू टाइट गटात २७.५ टक्के, दुसऱ्यात २४.९. शुगर ४० किंवा खाली गेलेले ६.८ विरुद्ध ०.५ टक्के. तिथला कंट्रोल ग्रुप मात्र आमच्या वॉर्डासारखाच होता.

आम्ही त्यानंतर प्रोटोकॉल बदलला, तोही लगेच नाही. लक्ष्याचा आकडा एका सहीने बदलला, पण सिस्टरांच्या हाताला बसलेली सवय, दर तासाच्या शीटवरचे ८०-११०चे छापील रकाने आणि पंपावर चिकटवलेली डोसची चिठ्ठी काढायला कित्येक महिने लागले. म्हणून आता नव्या प्रोटोकॉलच्या मागच्या पानावर मी तीन गोष्टी हाताने लिहून ठेवतो: कोणत्या पेपरवरून हे आलं, त्यातले आमचे पेशंट कोणते नव्हते, आणि कुठला निकाल आला तर हे मागे घ्यायचं. तिसरी ओळ लिहिताना पेन अडलं, तर प्रोटोकॉल त्या दिवशी सहीला जात नाही.